संगणक कक्षातील केबल बदलण्यासाठी १४,१०० रुपये: मुख्याध्यापिकांना पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय: संगणक कक्षातील खराब केबल बदलण्याच्या खर्चास मंजुरी मिळणेबाबत.

महोदया,


आपल्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांचे २० आणि शिक्षकांचा एक असे २१ संगणक आहेत. सगळ्या केबल सरसकट बदलून मागणे सोपे होते, पण तसे करायची गरज नाही. सुटीत प्रत्येक केबल काढून तपासली. जी खरोखर वाया गेली आहे, तेवढीच या पत्रात मागते आहे. दर शहरातल्या तीन दुकानांतून विचारले आणि प्रत्येक वस्तूसाठी मधला दर धरला आहे. सर्वांत स्वस्त दर का धरला नाही, ते त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

पहिली आणि सर्वांत तातडीची मागणी विजेच्या कॉर्डची आहे. प्रत्येक संगणकाला सीपीयूसाठी एक आणि मॉनिटरसाठी एक अशा एकूण ४२ कॉर्ड आहेत. त्यांपैकी ५ कॉर्डचे आवरण प्लगच्या मानेशी तडकले आहे किंवा पिनेजवळ प्लास्टिक काळे पडले आहे. एवढ्याशा भाराने कॉर्ड तापत नाही. शाळेतला संगणक फार तर एक-दीड अँपिअर ओढतो आणि कॉर्ड ६ अँपिअरची असते. काळेपणा आला आहे तो पिन सैल बसल्यामुळे. सैल जोडात ठिणगी पडते आणि तिथेच उष्णता साठते. अशा ठिकाणी कॉर्डबरोबर भिंतीवरचे सॉकेटही घट्ट आहे ना, हे पाहावे लागेल. नाहीतर नवा प्लगही तसाच काळा पडेल.

याहून काळजीच्या आणखी ९ कॉर्ड आहेत, आणि त्या वरून अगदी चांगल्या दिसतात. त्यांच्या प्लगला अर्थिंगची जाड पिन आहे, पण आत अर्थिंगची तारच नाही. ओळखण्याची रीत अशी: कॉर्ड दोन्ही बाजूंनी काढायची, मल्टिमीटर बझरवर लावायचा, त्याचे एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे संगणकाकडच्या टोकाच्या मधल्या भोकात लावायचे. तार असेल तर मीटर वाजतो. या ९ कॉर्डना तो वाजला नाही.

याचा परिणाम मुलांना रोज जाणवतो. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते लोखंडी कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा अल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर घरगुती विजेच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरात दाब राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका बसत नाही, बोटांना झिणझिण्या येतात. आपल्याकडे मुले चपला बाहेर काढून फरशीवर अनवाणी बसतात, त्यामुळे त्या अधिक जाणवतात. ‘बाई, कॉम्प्युटर चावतो,’ असे मुले सांगतात ते हेच. पण त्या डब्यात खरोखरचा बिघाड होऊन फेजची तार कॅबिनेटला लागली, तर फ्यूज उडवणारी वाट उरलेली नसते आणि तेव्हा लागणारा झटका झिणझिण्यांवर थांबणार नाही. म्हणून या सर्व १४ कॉर्ड मी काढून ठेवल्या आहेत आणि ते संगणक बंद ठेवले आहेत.

नवी कॉर्ड घेताना प्लगवर आणि तारेवर दोन्हीकडे आयएसआय चिन्ह हवे. प्लगसाठी आयएस १२९३ आणि तारेसाठी आयएस ६९४ हे मानक क्रमांक पाहायचे, आणि तारेवर तीन पदरांची ०.७५ चौरस मिलिमीटर अशी छापील नोंद असली पाहिजे. अशी कॉर्ड १६० रुपयांना मिळते. ५०-६० रुपयांचीही मिळते, पण आधीच्या ९ कॉर्ड त्याच जातीच्या असाव्यात असे वाटते, कारण त्यांच्यावर काहीच छापलेले नाही. १४ बदलायच्या आणि २ शिल्लक ठेवायच्या अशा १६ कॉर्ड घ्याव्यात. आल्यावर प्रत्येक कॉर्ड मीटरवर वाजवूनच ताब्यात घेईन. याशिवाय कक्षातील सॉकेटचे अर्थिंग एकदा परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे लागेल. भिंतीत अर्थिंग पोहोचत नसेल तर १६ कॉर्ड घेऊनही मुलांच्या बोटांना झिणझिण्या येतच राहतील. फेज आणि अर्थिंग यांमधला दाब फेज आणि न्यूट्रलमधल्या दाबाइतकाच, म्हणजे २३०च्या आसपास आला पाहिजे. तपासणीचे ७०० रुपये त्याने सांगितले आहेत. दोष निघालाच तर त्या दुरुस्तीचा खर्च वेगळा असेल, तो या पत्रात धरलेला नाही.

दुसरी मागणी नेटवर्कच्या म्हणजे लॅन केबलची. स्विचपासून प्रत्येक संगणकापर्यंत एक अशा २१ केबल पट्टीतून गेल्या आहेत. टेस्टर लावला की आठही तारांचे दिवे एकामागोमाग लागतात. एखादा लागला नाही तर ती तार तुटलेली असते. आपल्या बऱ्याच संगणकांवर इंटरनेट चालू दिसते तरी फायली उघडायला वेळ लागतो, त्याचे कारण इथे आहे. १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी तुटली तरी संगणक तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतो. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून पुढील आज्ञा दिली की वेग दिसतो:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

`1 Gbps` आले तर केबल ठीक आहे, `100 Mbps` आले तर संशय घ्यावा. आपला स्विच गिगाबिटचा आहे, म्हणून ही खूण इथे लागू पडते. जुना स्विच असता तर चांगल्या केबललाही १००च दिसले असते.

२१ पैकी १२ केबल निर्दोष आहेत. ६ केबलचे फक्त संगणकाकडचे टोक गेले आहे आणि ३ केबल पट्टीच्या आत उंदरांनी कुरतडल्या आहेत. टोके जाण्याचे कारण जोडणीच्या पद्धतीत आहे. पट्टीतली केबल भरीव तारेची असते. ती एकदा बसवून न हलवण्यासाठी असते, वाकवत राहिले की आत तुटते. आपल्याकडे तीच थेट संगणकात खोचलेली आहे. मुलांचा पाय आणि झाडताना केरसुणी लागून ती रोज ओढली जाते. म्हणून या ९ जागी भिंतीवर सॉकेटचा डबा बसवावा, भरीव केबल तिथे संपवावी आणि पुढे संगणकापर्यंत दोन मीटरची लवचिक पॅच कॉर्ड द्यावी. पुढच्या वेळी झिजेल ती १२० रुपयांची पॅच कॉर्ड. भिंतीतल्या केबलला हात लावावा लागणार नाही. डबा, झाकण आणि आतला जॅक मिळून २६० रुपये पडतात. उरलेल्या १२ जागी केबल चांगली असल्याने आत्ता डबे मागत नाही.

कुरतडलेल्या तीन केबलची लांबी १८, २२ आणि २५ मीटर, म्हणजे ६५ मीटर आहे. वळणांसाठी थोडी जास्त धरून ७० मीटर लागेल. ३०५ मीटरची पेटी घ्यायची गरज नाही, दुकानदार कॅट-६ केबल मीटरवर देतो. शुद्ध तांब्याचा दर मीटरला २८ रुपये आहे. एका दुकानात १४ रुपयांची दाखवली, ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली की आतून चंदेरी रंग दिसतो, आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि कॅट-६चे मानक ती मान्य करत नाही. ७० मीटरमागे ९८० रुपये वाचवून वर्षभरात पुन्हा पट्टी उघडायची, हे परवडणारे नाही. दुकानातच एक इंच खरवडून पाहीन आणि मगच बिल करायला सांगेन.

स्विचकडच्या टोकांसाठी २० आरजे-४५ कनेक्टर, प्रत्येकी १० रुपये. क्रिम्पिंग टूल, पंचिंग टूल आणि शाळेचा स्वतःचा टेस्टर मिळून १,२०० रुपये. आत्ता टेस्टर उसना आणला आहे. टोके बसवण्याचे काम मी आणि प्रयोगशाळा सहायक करू, त्यासाठी बाहेरचा माणूस बोलवायला नको.

मॉनिटरच्या व्हीजीए केबलबद्दल थोडेच. चार पडद्यांचे रंग बिघडले होते. निळा रंग गेला की पडदा पिवळट होतो, हिरवा गेला की गुलाबी-जांभळा. शेजारची चांगली केबल लावून पाहिली. दोन ठिकाणी नुसते स्क्रू सैल होते, ते आवळल्यावर रंग परतला. दोन केबल बदलाव्या लागतील, प्रत्येकी १५० रुपये. या केबलला पंधरापैकी एक पिन, ९ क्रमांकाची, पुष्कळदा कारखान्यातूनच नसते. तेवढ्यावरून कोणी केबल टाकून देऊ नये.

प्रोजेक्टरची १० मीटरची एचडीएमआय केबल टेबलाकडच्या टोकाशी सैल झाली आहे, चित्र येते-जाते. नवी १,१०० रुपयांची. तिच्या टोकाला अर्ध्या मीटरची जोडकेबल २०० रुपयांना घ्यावी, म्हणजे लॅपटॉप लावताना-काढताना झीज त्या छोट्या तुकड्याची होईल. प्रिंटरची यूएसबी केबल दीड मीटरची, १२० रुपये. प्रिंटर कपाटावर हलवण्याची सूचना होती, पण त्यासाठी ५ मीटरहून लांब केबल लागेल आणि यूएसबीची ती मर्यादा आहे, म्हणून प्रिंटर आहे तिथेच ठेवावा.

खर्चाचा तपशील, जीएसटी वगळून:

विजेच्या कॉर्ड १६ × १६० = २,५६०
कॅट-६ केबल ७० मीटर × २८ = १,९६०
भिंतीवरचे डबे ९ × २६० = २,३४०
पॅच कॉर्ड (२ शिलकीसह) ११ × १२० = १,३२०
आरजे-४५ कनेक्टर २० × १० = २००
हत्यारे आणि टेस्टर = १,२००
व्हीजीए केबल २ × १५० = ३००
एचडीएमआय केबल आणि जोडकेबल = १,३००
यूएसबी केबल = १२०
एकूण = ११,३००
जीएसटी १८ टक्के = २,०३४
वायरमनची तपासणी = ७००
सर्व मिळून = १४,०३४ रुपये

तिन्ही दुकानांनी तोंडी दर जीएसटीशिवाय सांगितले होते. लेखी दरपत्रक मागवताना ‘करासह’ असा उल्लेख करावा, नाहीतर मंजूर रकमेत दोन हजारांची तूट येईल.

एकूण १४,१०० रुपयांची मंजुरी मिळावी ही विनंती. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत सगळी रक्कम शक्य नसेल, तर विजेच्या कॉर्ड आणि अर्थिंगची तपासणी एवढ्याला करासह ३,७२१ रुपये लागतात, ते आधी द्यावेत. लॅनची कामे त्यानंतर केली तरी चालतील, तोवर त्या ९ संगणकांवर टंकलेखन आणि चित्रकलेचे तास घेईन. बंद ठेवलेले संगणक मात्र कॉर्ड आल्याशिवाय मी चालू करणार नाही.

काढलेल्या १४ कॉर्ड खुणेची चिठ्ठी लावून कक्षातील कपाटात ठेवल्या आहेत. आपण सवडीने येऊन पाहाव्यात, मीटरही तिथेच आहे.

आपली विश्वासू,
संगणक शिक्षिका