पद्धतीचे समर्थन : मौखिक परीक्षेतील एक निवेदन

पीएच्. डी. पदवीच्या मौखिक परीक्षेत "हीच पद्धती का निवडली?" असा प्रश्न बहुधा विचारला जातो. पद्धती रूढ आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. प्रश्नाला हवा असलेला पुरावा तिच्यामुळे मिळतो, हे दाखवावयाचे असते.

चंदीगडच्या सुखना तलावाचे उदाहरण पाहावे. शिवालिक टेकड्यांतून येणारा, पावसाळ्यातच वाहणारा ओढा अडवून हा तलाव १९५८ साली निर्माण करण्यात आला. तो लवकरच गाळाने भरू लागला. १९७० नंतरच्या दशकात पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढीत वरच्या अंगाला गेले. सुखोमाजरी गावाजवळच्या उघड्या उतारांवरून पुष्कळ गाळ येतो, असे त्यांना आढळले.

आता अशी कल्पना करावी की, एका विद्यार्थ्याचा प्रश्न "कोणत्या उपओढ्यातून किती गाळ येतो?" असा आहे. त्याचे निवेदन पुढीलप्रमाणे असू शकेल :

"माझा प्रश्न गाळाच्या उगमाविषयी आहे. तलावाची खोली दोन वेळा मोजली, तर मधल्या काळात साचलेला एकूण गाळ समजतो; परंतु तेथे सर्व ओढ्यांचा गाळ एकत्र मिसळलेला असतो. म्हणून प्रत्येक उपओढ्याच्या मुखाशी मी प्रवाह मोजला आणि पाण्याचे नमुने घेतले. बहुतेक गाळ मोजक्या पुरांत वाहतो. यास्तव आठवड्यातून एकदा नमुना न घेता, पूर चढताना व उतरताना ठराविक अंतराने नमुने घेतले. तळाशी घरंगळणारी वाळू बाटलीत येत नाही. त्यामुळे माझे आकडे केवळ तरंगत्या गाळाचे आहेत."

या निवेदनातील हिशेब सोपा आहे. एका लिटर पाण्यात २० ग्रॅम गाळ असेल आणि सेकंदाला ५०० लिटर पाणी वाहत असेल, तर दर सेकंदाला १० किलोग्रॅम गाळ पुढे जातो. पूर चुकला, तर ही मोठी रक्कमच हिशेबातून गळते.

परीक्षक पुढे विचारतील, "हे आकडे खरे कशावरून?" यासाठी उपओढ्यांच्या संगमाखालीही एक मोजणी हवी. उपओढ्यांची बेरीज तेथील आकड्याशी जुळली, तर मोजणीला आधार मिळतो. खाली गाळ कमी भरला, तर तो वाटेत साचला असेल किंवा मोजणी चुकली असेल. अधिक भरला, तर पात्राचे काठ खचत असतील किंवा एखादा ओढा मोजावयाचा राहिला असेल. प्रत्यक्ष पात्र पाहूनच याचा निर्णय करावा लागतो.

मात्र "तलाव किती वर्षांत भरेल?" असा प्रश्न असता, तर विद्यार्थ्याने बाजूस ठेवलेली खोलीची मोजणीच योग्य ठरली असती.