गल्ला मोठा, उरते थोडे

प्रश्न : माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास पाठवतो आहे. महिन्याचा गल्ला १,४०,००० रुपये. भाडे, कारागिराचा पगार, वीज मिळून खर्च ३८,०००. तरी हातात फारसे उरत नाही. चूक कुठे?

उत्तर : खर्चाच्या रकान्यात तुम्ही पार्ट धरलेलेच नाहीत. उत्पन्नाची प्रत्येक ओळ तिच्या खर्चाशी जोडून पाहू. महिन्याला ४० डिस्प्ले २,००० रुपयांना बदलता, त्यातले १,४०० पार्टचे, उरतात २४,०००. चार्जिंग पोर्ट, माइक अशी ६० किरकोळ कामे ४०० रुपयांची, पार्ट १०० चा, उरतात १८,०००. कव्हर-ग्लासच्या ३६,००० च्या विक्रीत सुटतात १२,०००. म्हणजे खरी मिळकत ५४,०००. भाडे-पगार वजा जाता १६,०००.

मला जास्त खटकली ती वॉरंटी. ग्राहकाला काय देतो, या रकान्यात ‘तीन महिन्यांची वॉरंटी’ आहे, पण तिचा खर्च कुठेच नाही. चार डिस्प्ले परत आले आणि पुरवठादाराने बदलून दिले नाहीत, तर ५,६०० गेले. उरले १०,४००, तेही तुमची स्वतःची मजुरी न धरता. फ्लेक्स फाटलेला किंवा काच तडकलेला डिस्प्ले पुरवठादार सहसा परत घेत नाही. म्हणून चिकटवण्याआधी तो नुसता जोडून टच तपासा, आणि परत आलेल्या कामांची वेगळी वही ठेवा.