टँकरवरचे सात महिने

बोटीवरची नोकरी सोडल्यावर काही वर्षं मी मुंबईत अधिकाऱ्यांच्या भरतीचं काम पाहिलं. तेव्हा एका चांगल्या मुलाची बोट बायोडेटातल्या एका ओळीपायी हुकली.

ऑइल टँकरसाठी सेकंड ऑफिसर हवा होता. त्याने शेवटच्या बोटीपुढे लिहिलं होतं, ‘टँकर, सेकंड ऑफिसर, सात महिने’. पुढे सीडीसी हातात आली. ५ मार्चला तो थर्ड ऑफिसर म्हणून चढला होता, २० जूनला बोटीवरच बढती मिळाली आणि ४ ऑक्टोबरला तो उतरला. सात महिन्यांतले साडेतीनच नव्या पदावरचे. त्यात बोट निघाली केमिकल टँकर.

मुलगा लबाड नव्हता, पण कागदावर ती लबाडीच दिसली. टँकर भाड्याने घेणाऱ्या तेल कंपन्या बोटीचा ‘ऑफिसर मॅट्रिक्स’ तपासतात. त्यात या कंपनीत किती वर्षं, या पदावर किती, या प्रकारच्या टँकरवर किती आणि एकूण टँकरवर किती, असे चार वेगळे रकाने असतात. आम्ही भरलेले दोन रकाने खोटे ठरत होते. नाव मागे घ्यावं लागलं.

म्हणून बढती मिळालेल्या बोटीच्या दोन ओळी करा: ५ मार्च ते १९ जून थर्ड, २० जून ते ४ ऑक्टोबर सेकंड. नुसतं ‘टँकर’ लिहू नका. ऑइल, केमिकल, एलपीजी की एलएनजी ते लिहा. बोटीला ऑइल आणि केमिकल दोन्हींची मान्यता असेल, तर तसं लिहून प्रत्यक्ष कोणता माल वाहिला तेही सांगा. डेकवाल्यांनी टनेज द्यावं. इंजिनवाल्यांनी मुख्य इंजिनाचा मेक, मॉडेल आणि किलोवॅट. इंजिनवाल्यांच्या बायोडेटात आम्ही आधी तेच शोधायचो.

सीओसीच्या बाबतीत नवी मुलं हमखास फसतात. आपल्याकडे पहिला परवाना ‘सेकंड मेट, फॉरेन गोइंग’ असतो, पण तो घेऊन बहुतेक जण थर्ड ऑफिसर म्हणूनच चढतात. तेव्हा परवान्याचा दर्जा, क्रमांक, देणारा देश आणि मुदत एका जागी लिहा, पद दुसऱ्या जागी.

टँकरच्या धोकादायक मालाचा शेरा, म्हणजे डीसीई, वेगळा लिहा, कारण त्याची मुदत वेगळी चालते. एसटीसीडब्ल्यूच्या नियमानुसार तुमची टँकरवरची पात्रता टिकून आहे हे पाच वर्षांनी दाखवावं लागतं. गेल्या पाच वर्षांत टँकरवर किमान तीन महिने काम झालेलं असलं तर ते सेवेवरच भागतं. तक्ता नीट असेल तर ते महिने पुरतात की नाही हे तुम्हालाच आधी कळतं.

तारखा आठवणीतून लिहू नका. सीडीसी उघडून समोर ठेवा आणि शिक्क्यावरून उतरवा. भरती करणारा माणूस तीच सीडीसी शेजारी ठेवून तुमचा बायोडेटा वाचणार आहे.