काडीवर लिहिलंय ते गॉगलमध्ये आहे का?

माझा मामेभाऊ रोज संध्याकाळी सांगलीहून कोल्हापूरला गाडी चालवत परततो. सूर्य समोर असतो आणि पुढच्या गाड्यांच्या काचांवरची चमक डोळ्यांत घुसते. त्याला पोलराइज्ड गॉगलच हवा होता. ओळखीतल्या एका विक्रेत्याने त्याला रे-बॅनचा काळा वेफेअरर दिला, दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहून कमी दरात. 'बाहेरून आलेला माल आहे, बिल मिळणार नाही,' एवढंच सांगून. गॉगल नाकावरून घसरायला लागला म्हणून तो चष्मेवाल्याकडे गेला. काडीचा बाक नीट करण्यासाठी तिथल्या कारागिराने ती गरम हवेत धरली, तर बिजागरीच फ्रेममधून सुटून आली, मागे गोंदाचे धागे ओढत. ॲसिटेटची चांगली फ्रेम ऊब मिळाली की फक्त मऊ होते आणि हवी तशी वळते. तिच्यातली बिजागरी धातूची असते आणि फ्रेमच्या अंगात घट्ट बसवलेली असते, त्यामुळे एवढ्या उष्णतेने ती जागची हलत नाही.

तेच मॉडेल मी बिलासह घेतलेलं आहे, म्हणून तो माझ्याकडे आला. आम्ही दोन्ही गॉगल शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो आहे, कारण आजची नक्कल वरवर बघून ओळखू येत नाही.

बहुतेक लोक आधी काचेवरचं कोरीवकाम बघतात. खऱ्या गॉगलच्या एका काचेवर, कडेला बिजागरीजवळ, 'आरबी' ही दोन अक्षरं अगदी बारीक कोरलेली असतात. समोरून ती जवळजवळ दिसत नाहीत. काच तिरकी धरून उजेड तिच्यावरून घसरू दिला की उमटतात आणि नखाला किंचित लागतात. भावाच्या गॉगलवरही ती होती, आणि चांगली होती! जरा जाड, कडेपासून थोडी आत सरकलेली. पण माझा गॉगल शेजारी नसता तर मलाही शंका आली नसती. लेझरने दोन अक्षरं कोरायला फारसा खर्च येत नाही. म्हणून कोरीव अक्षरं नसली तर संशय घ्यावा, पण असली म्हणून निश्चिंत होऊ नये. नंबरच्या काचा बसवून घेतलेल्या फ्रेमवर तर ती नसणारच, कारण मूळ काचाच काढून टाकलेल्या असतात.

'जुना स्टॉक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गॉगलच्या बाबतीत मात्र हीच अक्षरं फार उपयोगी पडतात. रे-बॅन १९९९ पर्यंत बॉश अँड लॉम्ब या अमेरिकी कंपनीकडे होतं. त्या वर्षी ते इटलीच्या लक्झोटिकाने विकत घेतलं. बॉश अँड लॉम्बच्या काळात काचेवर 'बीएल' कोरलेलं असायचं. काचेवर 'बीएल' आणि काडीवर इटली व आजच्या पद्धतीचा मॉडेल नंबर असेल, तर काच एका काळातली आणि काडी दुसऱ्या काळातली झाली. असा गॉगल सरळ परत करावा.

खरी झडती काडीच्या आतल्या बाजूची घ्यायची. अक्षरं सुबक आहेत की वेडीवाकडी, यात मी फार वेळ घालवत नाही. ती अक्षरं जे सांगतात ते हातातल्या वस्तूत आहे की नाही, हे मी तपासतो. भावाच्या काडीवर मॉडेल २१४०, मग ९०१/५८, मग ५०□२२ आणि शेवटी ३ पी असं लिहिलेलं होतं. प्रत्येक आकड्याला अर्थ आहे. २१४० म्हणजे मूळ वेफेअरर. ९०१ म्हणजे काळी फ्रेम आणि ५८ म्हणजे हिरवी पोलराइज्ड काच. ३ ही काचेच्या काळोखीची श्रेणी. तिच्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. 'पी' पोलराइज्डचा, साध्या काचेला तिथे 'एन' असतो. पोलराइज्ड गॉगलच्या दुसऱ्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात छापलेल्या नावापुढेही छोटा 'पी' असतो. तोही भावाच्या गॉगलवर होता.

मग आम्ही लॅपटॉपचा पडदा पांढरा केला आणि गॉगल समोर धरून हळूहळू फिरवला. माझ्या पोलराइज्ड काचेतून पडदा एका कोनात जवळजवळ काळा झाला. भावाच्या काचेतून तो जसाच्या तसा. तीन ठिकाणी पोलराइज्ड म्हणून लिहिलेली काच पोलराइज्ड नव्हती.

५० आणि २२ हे मिलिमीटर आहेत. ५० ही एका काचेची आडवी रुंदी, सर्वांत रुंद जागी मोजलेली, आणि २२ हे दोन काचांमधलं सर्वांत कमी अंतर. मधला छोटा चौकोन शोभेचा नसतो. काचेभोवती चौकट कल्पून माप घेतलंय, याची ती खूण. शाळेची पट्टी घ्या आणि मोजा. काच खोबणीत थोडी आत गेलेली असते, म्हणून एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या. भावाची काच ५३ भरली आणि मधलं अंतर १८. हा फरक सोडून देण्याजोगा नाही. नक्कल करणारे साचा एक वापरतात आणि आकडे दुसऱ्याच फ्रेमचे छापतात. नंबरच्या चष्म्याच्या फ्रेमवरही हीच पद्धत असते, त्यामुळे ही पट्टीची परीक्षा तिथेही चालते.

'इटलीत बनलेला' हे शब्द दिसले नाहीत म्हणून मात्र गॉगल नकली ठरवू नका. रे-बॅन चीनमध्येही बनतात आणि आपल्याकडे राजस्थानातल्या भिवाडीतही बनत आले आहेत. नकली मालावर बहुधा इटलीच छापलेलं असतं.

बिजागरीची नक्कल मात्र महाग पडते, म्हणून माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर. मूळ वेफेअररची बिजागरी धातूची असते आणि तिचे सात दाते एकमेकांत घट्ट बसतात. काडी अर्धी उघडून सोडली तर आपल्या वजनाने पडत नाही; मिटताना सारखा, हलका अडसर जाणवतो. भावाच्या बिजागरीला तीन दाते होते, त्यांवर चंदेरी मुलामा, आणि काडी वरखाली डुगडुगत होती. शिवाय काडीच्या कडेने साच्याची बारीक रेघ गेली होती. ॲसिटेटची फ्रेम जाड पत्र्यातून कापून घासूनपुसून गुळगुळीत करतात. तिच्यावर साच्याची रेघ येत नाही. सात दाते हे या मॉडेलपुरतंच खरं आहे. तारेच्या एव्हिएटरची बिजागरी वेगळी असते, तेव्हा तुलना त्याच मॉडेलशी करा. आणि वापरून सैल झालेली खरी बिजागरी स्क्रू आवळला की पुन्हा ताठ होते.

चष्मेवाल्याने भावाच्या काचा अतिनील किरणांच्या मीटरवरही ठेवून पाहिल्या. किरण बऱ्यापैकी अडत होते. पॉलिकार्बोनेटची साधी काचसुद्धा ते अडवते, त्यामुळे प्रत्येक नकली गॉगल डोळे बिघडवतोच असं मी म्हणणार नाही. पण हे मीटरवर ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि नुसती गडद काच धोक्याची असते: अंधारात बाहुली मोठी होते आणि किरण अडले नाहीत तर ते जास्तच आत जातात. पोलराइज्ड काचेची परीक्षाही अतिनील किरणांबद्दल काहीच सांगत नाही.

पैसे यूपीआयने दिले होते, एवढाच पुरावा भावाकडे होता. काडीचे, बिजागरीचे आणि पट्टी लावून मोजलेल्या काचेचे फोटो काढून त्याने विक्रेत्याला पाठवले, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करणार असल्याचंही लिहिलं. त्यानंतर पैसे परत आले. रोख दिले असते तर व्यवहार झाला होता हेच आधी सिद्ध करावं लागलं असतं.