घोकू नकोस, सोडूही नकोस

चि. सोनूस,


काल वहिनीचा फोन आला. पानशेतच्या पुरावर बोलताना तू मध्येच अडकलीस, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस, पुन्हा त्याच वाक्याशी थांबलीस आणि खाली उतरलीस. तेवढ्यानं मी घाबरले नसते. पण ‘आता शंभर वेळा घोकते, नाहीतर वक्तृत्व स्पर्धाच सोडते’ असं म्हणालीस म्हणे. ते सोडणं काही माझ्या डोक्यातून जात नाही.

अगं, पहिल्यापासून सुरू करावं लागलं, ही घोकल्याचीच खूण. पाठ केलेलं वाक्य मागच्या वाक्याच्या शेपटाला धरून येतं. एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. २२ एप्रिल १९०४ ला चर्चिल ब्रिटिश संसदेत पाठ केलेल्या भाषणात असाच अडकला आणि खाली बसला. पुढे तो टिपणं जवळ ठेवू लागला, पण बोलणं सोडलं नाही. ऐकतेस ना?

घोकणं वाईट नाही. तुझ्या दादाला बोलताना शब्द सुचत नाहीत, पण लिहितो नेमकं. त्यानं पाठच करावं. फक्त कुठल्याही परिच्छेदापासून सुरू करता येतं का, ते पाहावं. तुझं उलट. जेवताना तू एकच गोष्ट तीनदा सांगतेस, तिन्ही वेळा वेगळ्या शब्दांत. तुझे शब्द पळत नाहीत, क्रम पळतो. मग घोकण्याचा हट्ट कशाला?

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची चार-पाच कार्डं कर. एका कार्डावर एकच मुद्दा, ठळक अक्षरात, कोपऱ्यात क्रमांक. दुसऱ्यावर एवढंच: ‘१२ जुलै १९६१ / आधी पानशेत, मग खडकवासला / पेठांत पाणी / आजी’. आजीची ट्रंक कशी वाहून गेली, ते तुला लिहून कशाला हवं? तारखा, नावं, आकडे मात्र लिहायचेच. कार्डावर अख्खं वाक्य लिहिलंस की मान खाली जाते आणि तू वाचायला लागतेस. पाठ करायची ती सुरुवातीची आणि शेवटची दोनच वाक्यं, कारण तिथं घसा कोरडा पडतो आणि घंटा वाजते. घड्याळ लावून तीनदा बोल. दर वेळी शब्द बदलले तरी चालतील. कार्डं चालत नाहीत अशी स्पर्धा असेल, तर हेच चार-पाच मुद्दे क्रमानं ध्यानात ठेव.

मीही घोकूनच बक्षिसं मिळवली. पण नजर कायम मागच्या भिंतीवर. तात्या समोर बसलेले असत. माझं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी कधी पाहिलंच नाही. आता ते विचारणार कुणाला?

जास्त बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस. रविवारी ये, थालीपीठ लावते. कार्डं आण किंवा नको आणूस. अडकलीस तरी मला तुझंच बोलणं ऐकायचंय.

तुझी,
आत्या