कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्यावर नजर कोणाची?

फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग शॉट ब्लास्टिंग होऊन बाहेर आले, की त्यावर ब्लोहोल, तडा किंवा अडकलेली वाळू आहे का, हे पाहिले जाते. हे काम कॅमेरा आणि संगणकावरच्या मॉडेलकडे दिलेले असेल, तर मॉडेल प्रत्येक फोटोवरून ‘ओके’ की ‘रिजेक्ट’ हे ठरवते. मॉडेल शिकते ते जुन्या फोटोंवरून. कारखाना मात्र रोज थोडा थोडा बदलत असतो. दिव्याचा उजेड मंदावतो, लेन्सवर धूळ बसते, वाळूचा पुरवठादार बदलतो, साचा झिजतो. शिकलेले फोटो आणि समोर येणारे फोटो यांत असे अंतर पडत गेले, की निर्णय चुकू लागतात. या घसरणीला ड्रिफ्ट म्हणतात. ती वेळीच ओळखणे आणि मॉडेलला नव्याने शिकवायचे की नाही हे ठरवणे, हे क्वालिटी विभागातले नवे काम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, चाकण अशा औद्योगिक पट्ट्यांजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते समजून घ्यावे असे आहे.

रिजेक्शनचा आलेख

पहिली खूण रोजच्या रिजेक्शनमध्ये दिसते. समजा, एका शिफ्टमध्ये १,००० कास्टिंग तपासली जातात आणि एरवी २ टक्के, म्हणजे सुमारे २० रिजेक्ट होतात. एखाद्या शिफ्टमध्ये २६ झाली, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. नेहमीचा चढउतार कुठे संपतो आणि खरा बदल कुठे सुरू होतो, हे सांगणारा नियंत्रण आलेख वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली मांडला. त्या गणिताने या उदाहरणातली मर्यादा साधारण ७ ते ३३ अशी येते. आकडा या पट्ट्याबाहेर गेला, किंवा पट्ट्यात राहूनही सलग आठ-नऊ शिफ्ट सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तर शोध सुरू करायचा.

रिजेक्शन वाढले की सगळे जागे होतात. कमी झाले की मात्र सगळे खूश होतात, आणि खरा धोका तिथेच असतो. मॉडेलला नवे दोष दिसेनासे झाले, तरी रिजेक्शन कमीच होते. रिजेक्ट झालेला माल माणूस पुन्हा पाहतो, ओके झालेला माल ट्रकमध्ये चढतो. त्यामुळे सुटलेला दोष कळतो तो थेट ग्राहकाच्या तक्रारीतून. यावर उपाय म्हणजे ओके मालातले काही नग कोणताही नियम न लावता उचलून, मॉडेलचा निर्णय न सांगता, अनुभवी इन्स्पेक्टरकडून तपासून घेणे. असे ३०० नग तपासले आणि एकही दोष सापडला नाही, तरी सुटलेले दोष शून्य आहेत असे म्हणता येत नाही. ते बहुधा १ टक्क्यापेक्षा कमी आहेत, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते.

बिघाड कॅमेऱ्याचा की मालाचा?

आता उदाहरण पुढे नेऊ. सलग तीन शिफ्टमध्ये रिजेक्ट ४५ च्या आसपास आले. मॉडेलला हात लावण्याआधी मास्टर नग काढायचे. हे चांगल्या आणि दोषी कास्टिंगचे ठरलेले नमुने असतात; ते जपून ठेवलेले असतात आणि प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला कॅमेऱ्याखालून जातात. नग तेच असल्यामुळे त्यांचा फोटो किंवा निकाल बदलला, तर दोष दिव्यात, लेन्समध्ये, कॅमेऱ्याच्या जागेत किंवा सेटिंगमध्ये असतो. तो दुरुस्त करायचा. मंद दिव्याखालच्या फोटोंवर मॉडेल नव्याने शिकवले, तर दिवा बदलल्यावर ते पुन्हा चुकू लागते.

आपल्या उदाहरणात मास्टर नगांचे निकाल जसेच्या तसे आले. म्हणजे कॅमेरा ठीक आहे, माल बदलला आहे. इन्स्पेक्टरने ४५ रिजेक्ट नग हाताळून पाहिले, तेव्हा १९ खरोखर दोषी निघाले आणि २६ चांगले. खरे दोष पूर्वीइतकेच आहेत, मॉडेल चांगल्या मालावर उगाच संशय घेत आहे. ब्लास्टिंग विभागात चौकशी केल्यावर कारण कळले. शॉट जरा मोठ्या आकाराचे आले होते आणि पृष्ठभागावर उठलेले खळगे मॉडेलला ब्लोहोल वाटत होते.

इथे सोपी पळवाट म्हणजे रिजेक्ट करण्याचा उंबरठा सैल करणे. त्याने २६ चे ५ होतील, पण लहान ब्लोहोलही निसटतील. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा बदल टिकणार आहे का? चुकीचे शॉट एकदाच आले असतील, तर ते संपेपर्यंत संशयित नग माणसाने पाहावेत. खरेदी विभाग यापुढे हेच शॉट घेणार असेल, तर मात्र नवे फोटो गोळा करायचे. आणि ग्राहकाने दोषाची व्याख्याच कडक केली असेल, तर नव्या फोटोंबरोबर जुन्या फोटोंवरची लेबलेही पुन्हा तपासावी लागतात.

फोटो गोळा करणे आणि पुन्हा शिकवणे

फक्त मॉडेलने नाकारलेले फोटो घेतले, तर त्याच्या नजरेतून सुटलेले दोष नव्या संग्रहातही येत नाहीत. म्हणून ओके मालातलेही फोटो घ्यायचे आणि ते सगळ्या शिफ्ट, सगळे साचे यांतून यायला हवेत. दर शिफ्टला खरे दोष वीसच्या आसपास, म्हणून दोनशे दोषी फोटो जमायला दहा शिफ्ट लागतात. प्रत्येक फोटोवर दोन इन्स्पेक्टरांनी स्वतंत्रपणे मत द्यावे आणि मतभेद झाला तर नग हातात घेऊन निकाल लावावा. दोघांचेच पटत नसेल, तर मॉडेलला शिकवून उपयोग नाही. आधी दोषाची मर्यादा लेखी ठरवावी लागते.

एकाच कास्टिंगचे काही फोटो शिकवण्यात आणि काही परीक्षेत गेले, तर गुण फुगतात. म्हणून परीक्षेसाठी नंतरच्या दिवसांचे वेगळे नग राखून ठेवतात. शिकवताना जुने फोटोही सोबत ठेवावे लागतात, नाहीतर मॉडेल पूर्वीचे दोष विसरते. तयार झालेले मॉडेल काही शिफ्ट जुन्याच्या बरोबरीने चालवतात. ते निर्णय नोंदवते, पण माल अडवत नाही. जुन्या परीक्षेत, नव्या परीक्षेत आणि मास्टर नगांवर ते कुठेच मागे पडले नाही, तरच लाइनवर येते. जुने मॉडेल तरीही जपून ठेवतात, म्हणजे गरज पडल्यास परत लावता येते.

तयारी कशी करावी?

वरच्या उदाहरणात मॉडेल शिकवण्याआधी कारण कारखान्यात शोधावे लागले. म्हणून या कामाला दोन्ही बाजू लागतात. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा वा पदवी घेणाऱ्याने पायथॉन, ओपनसीव्ही आणि नियंत्रण आलेखांचे गणित शिकावे. संगणक किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने कारखान्याच्या क्वालिटी विभागात अप्रेंटिसशिप करून कास्टिंगचे दोष हाताने ओळखायला शिकावे. आयटीआय करून इन्स्पेक्टर झालेल्याकडे दोषाची पारख आधीच असते. त्याने नोंदी आणि आलेखांपासून सुरुवात करावी.

महागड्या एआय कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी एकच चौकशी करावी: प्रत्यक्ष कारखान्यातला माल, त्याचे फोटो आणि लेबल लावण्याचे काम विद्यार्थ्याच्या हातून होणार आहे का? तयार फोटोंवर ९९ टक्के अचूकता मिळवून देणारा कोर्स या कामासाठी पुरेसा नाही.