आईच्या जागी माझं नाव लागेल का?

प्रश्न : वडील जलसंपदा विभागात नीरा डाव्या कालव्यावर चौकीदार होते. 2019 च्या जूनमध्ये ते नोकरीत असतानाच वारले. त्याच वर्षी डिसेंबरात आईने अनुकंपाचा अर्ज केला आणि तिचं नाव प्रतीक्षासूचीत लागलं. येत्या दिवाळीला तिला 45 वर्षं पूर्ण होतील. बारामतीला प्रशासकीय भवनात चौकशी केली, तर कुणी म्हणालं, 45 झाली की नाव कटतं. कुणी म्हणालं, मुलाचं नाव लावता येतं. माझा जन्म मार्च 2003 चा. खरं काय?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : दोघंही खरं बोलले. अनुकंपाची नोकरी वयाच्या 45 वर्षांपर्यंतच देता येते आणि त्यानंतर नाव सूचीतून वगळतात. रांग पुढे सरकली नाही हा काही आईचा दोष नाही, पण नियम ते बघत नाही. सरळसेवेच्या रिक्त पदांचा ठरावीक हिस्साच अनुकंपासाठी मिळतो. हा हिस्सा पूर्वी 10 टक्के होता, 2019 च्या सप्टेंबरात तो 20 टक्के झाला. भरतीच रखडली, तर त्या 20 टक्क्यांतून येणार तरी काय?

आता नाव बदलायचं. 20 मे 2015 च्या शासन निर्णयाने ही मुभा एकाच प्रसंगी ठेवली होती : सूचीतला उमेदवारच मरण पावला, तर. 2017 च्या एकत्रित निर्णयातही तेच राहिलं. म्हणजे आई हयात असताना ‘माझ्याऐवजी मुलाला घ्या’ असं तिने म्हटलं, तर कार्यालय सरळ नकार कळवत असे. अशी कितीतरी प्रकरणं उच्च न्यायालयात गेली, आणि मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर येथील पूर्ण पीठाने ही बंदी समर्थनीय नसल्याचा निर्वाळा दिला. नोकरी एकाच माणसाला मिळते, पण ती कुटुंब सावरावं म्हणून. मग घरातलं नाव बदललं तर शासनाचं काय बिघडतं? पुढे 17 जुलै 2025 च्या सुधारित धोरणात नाव बदलण्याची वाट शासनानेच मोकळी केली.

तेव्हा नाव बदलता येईल. प्रश्न आहे तो वेळेचा, आणि रांगेतल्या जागेचा.

वेळ दिवाळीच्या आधीची. आईचं नाव सूचीत जिवंत आहे तोवर बदलाचा अर्ज करणं सोपं. एकदा ते वगळलं, की आधी ते वगळणं चुकीचं कसं हे सांगत बसावं लागतं, आणि कार्यालयाने ऐकलं नाही तर पुढची पायरी ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. (बारामतीतल्या जिल्हा परिषद शिक्षकाच्या मुलाने हे वाचून ‘मॅट’कडे धावू नये. जिल्हा परिषदेची सूची वेगळी, आणि तिची तक्रार उच्च न्यायालयात जाते.)

रांगेची गोष्ट बारीक आहे, पण फसगत होते ती इथेच. 2017 च्या निर्णयात मृत उमेदवाराच्या जागी वारस घेताना असं ठरवलं होतं : मूळ उमेदवाराचं नाव सूचीत आलं त्या दिवशी नवा उमेदवार 18 वर्षांचा असेल, तर त्याला तोच दिनांक मिळेल. नसेल, तर त्याला 18 पूर्ण झाले तो दिनांक. हाच हिशेब तुम्हाला लावला, तर आईच्या डिसेंबर 2019 ला तुम्ही सोळा वर्षांचे होता. म्हणून तुमचा दिनांक मार्च 2021 चा पडेल, आणि मधल्या सव्वा वर्षात ज्यांची नावं लागली ते सगळे तुमच्या पुढे जातील. आईची जागा जशीच्या तशी मिळेल, असं धरून चालू नका. आपला दिनांक कोणता धरला हे कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. आईचा दिनांकही तपासा : कागदपत्रं अपुरी असतील, तर अर्ज दिल्याच्या दिवसाऐवजी तो परिपूर्ण झाल्याचा दिवस धरतात.

अर्ज वडील शेवटी ज्या कार्यालयात होते तिथेच द्यायचा. प्रांत कार्यालयात नव्हे. सोबत आईचं ‘माझ्याऐवजी मुलाचे नाव घ्यावे’ असं शपथपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत, आणि कुटुंबाचा सांभाळ कराल हे तुमचं हमीपत्र. बहीण लग्न होऊन सासरी गेली म्हणून तिची सही टाळू नका. पुढे नेमणूक तोंडावर आली की अशा राहिलेल्या एका सहीवर अर्ज अडकतो.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही भावंडं किती? 31 डिसेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर कुटुंबाला अनुकंपाच मिळत नाही. आईचा अर्ज सूचीत आहे म्हणजे हे तपासलं गेलं असावं, तरी घरचे जन्मदाखले काढून एकदा बघा. आणि बदलाचा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.